आरसा, भिंग आणि दर वेळी उलटं पडणारं चिन्ह

प्रश्न: सर, मी सोलापूरला अकरावी सायन्सला आहे. आरसा आणि भिंगाच्या गणितात माझं चिन्ह दर वेळी उलटं येतं. उदाहरणार्थ, अंतर्गोल आरसा, नाभीय अंतर 15 सेमी, वस्तू 10 सेमीवर, तर प्रतिमा कुठे? मला 6 सेमी येतं, उत्तरात 30 आहे. प्रतिमा आभासी आहे हे मला आधीच कळतं, म्हणून v लाही आधीच चिन्ह लावून घेतो, तरी चुकतंच. सूत्रं पाठ आहेत. मग नेमकं कुठे चुकतं?

उत्तर: आधी तुझं 6 सेमी कुठून आलं ते शोधू. या गणितात 6 हा आकडा उगाच येत नाही. तो यायला एक ठरावीक चूक व्हावी लागते, आणि 6 च्या आधी + आहे की − यावरून ती चूक ओळखता येते.

बरोबर गणित असं आहे:

```
1/v + 1/u = 1/f
u = (-10),  f = (-15)
1/v = 1/f - 1/u
    = 1/(-15) - 1/(-10)
    = -1/15 + 1/10
    = +1/30
v = +30 सेमी
```

आता वही उघड. उत्तर +6 आलं असेल तर तू f ला +15 धरलं आहेस. गणितात "नाभीय अंतर 15 सेमी" एवढंच छापलेलं असतं. ते नुसतं माप आहे, त्याचं चिन्ह आपण लावायचं. ते न लावता आकडा तसाच सूत्रात टाकला की अंतर्गोल आरशाऐवजी बहिर्गोल आरशाचं गणित सुटतं. म्हणजे +6 हे उत्तर खरं आहे, पण दुसऱ्या आरशाचं.

उत्तर −6 आलं असेल तर तीन शक्यता. एक, u ला +10 धरलं. दोन, आरशाला भिंगाचं सूत्र लावलं. तीन, आणि वह्यांमध्ये सगळ्यांत जास्त दिसते ती हीच, की चिन्हं सगळी बरोबर घेतली पण `- 1/(-10)` लिहिताना कंस न देता थेट `- 1/10` लिहिलं आणि एक उणे चिन्ह तिथेच हरवलं. ही चूक प्रकाशाची नाही, बीजगणिताची आहे. म्हणून किंमत टाकताना प्रत्येक आकडा चिन्हासकट कंसात लिहायचा, अगदी +15 असला तरी `(+15)`. दोन सेकंद जास्त जातात, पण उणे चिन्ह हरवत नाही.

6 सेमी हे उत्तर चूक आहे हे उत्तरं न बघताही तुला कळायला हवं होतं. वस्तू नाभीच्या आत आहे, म्हणजे 15 च्या आत 10 वर. अंतर्गोल आरशात अशा वस्तूची प्रतिमा मोठीच दिसते. दाढीचा आरसा त्यासाठीच असतो. प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी यायची तर तिचं अंतरही वस्तूच्या अंतरापेक्षा जास्त हवं. 6 हे 10 पेक्षा कमी आहे, म्हणजे प्रतिमा लहान. तिथेच थांबून परत मागे जायचं.

अज्ञात राशीला चिन्ह लावायचं नाही

आता तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: "v लाही आधीच चिन्ह लावून घेतो." तुझी निम्मी अडचण इथे आहे.

चिन्ह लावायचं ते फक्त दिलेल्या आकड्यांना. जी राशी काढायची आहे ती अक्षर म्हणूनच ठेवायची, तिच्या आधी ना अधिक, ना उणे. सूत्र सोडवलं की तिचं चिन्ह आपोआप बाहेर येतं, आणि ते चिन्ह हेच उत्तराचं अर्धं अंग असतं. तू आधीच लावलंस की तेच चिन्ह दोनदा मोजलं जातं.

हे आरशात दिसत नाही, भिंगात दिसतं. तेच आकडे भिंगाला घेऊ: बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 15 सेमी, वस्तू 10 सेमीवर. प्रतिमा आभासी, वस्तूच्याच बाजूला, हे तुला माहीत आहे, म्हणून तू v च्या जागी −v लिहितोस:

```
1/(-v) - 1/(-10) = 1/(+15)
-1/v + 1/10 = 1/15
1/v = 1/10 - 1/15 = 1/30
v = +30
```

आणि मग शेवटी लिहितोस: "v अधिक आला, म्हणून प्रतिमा वास्तव, भिंगाच्या पलीकडे." आकडा बरोबर, निष्कर्ष पूर्ण उलटा. तुझ्या या मांडणीत v म्हणजे नुसतं माप होतं, खरं अंतर −v, म्हणजे −30 होतं. पण तिथपर्यंत येईस्तोवर आपण आधी काय मानलं होतं ते विसरायला होतं. परीक्षेत पाच ओळींपूर्वीचं मानलेलं चिन्ह कुणाच्याच लक्षात राहत नाही.

हेच गणित v ला न शिवता कर:

```
1/v - 1/u = 1/f
u = (-10),  f = (+15)
1/v = 1/f + 1/u = 1/15 - 1/10 = -1/30
v = -30 सेमी
```

उणे आलं, म्हणजे प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी. तुला आधी माहीत होतं ते वाया जात नाही. ते ताळा म्हणून वापरायचं: उत्तर आल्यावर, "मला अपेक्षित होती ती बाजू आली का?" एवढं विचारायला.

+30 आभासी आणि −30 पण आभासी, हे कसं?

वरच्या दोन गणितांत हीच खटकणारी गोष्ट आहे. आरशात v = +30 म्हणजे आभासी. भिंगात v = −30 म्हणजे आभासी. पुष्कळ मुलं इथे "अधिक म्हणजे वास्तव" असं एकच वाक्य पाठ करतात आणि अर्धी गणितं घालवतात.

चिन्ह वास्तव-आभासी सांगतच नाही. चिन्ह फक्त दिशा सांगतं. कार्टेशियन चिन्ह संकेतात सगळी अंतरं आरशाच्या ध्रुवापासून किंवा भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून मोजायची. आपाती प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेला मोजलेलं अंतर अधिक, उलट दिशेला मोजलेलं उणे. आकृतीत वस्तू डावीकडे काढली की प्रकाश उजवीकडे जातो, म्हणून उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. संकेत एवढाच आहे. बाकीचं सगळं यातून निघतं.

वास्तव प्रतिमा म्हणजे जिथे किरण खरोखर एकत्र येतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: आरसा किंवा भिंग ओलांडल्यावर प्रकाश प्रत्यक्षात कुठे जातो? आरसा प्रकाशाला परत पाठवतो. परावर्तनानंतर प्रकाश डावीकडे असतो, म्हणून आरशाची वास्तव प्रतिमा डावीकडेच पडू शकते, v उणे. आरशामागे अंधार आहे, तिथे किरण पोचत नाहीत. तिथली प्रतिमा आभासी, v अधिक. भिंग प्रकाशाला पुढे जाऊ देतं. अपवर्तनानंतर प्रकाश उजवीकडे, म्हणून वास्तव प्रतिमा उजवीकडे, v अधिक. डावीकडची आभासी, v उणे.

f चं चिन्हही याच विचाराने लाव, नावाने नको. अक्षाला समांतर किरण सोड आणि ते कुठे मिळतात, किंवा कुठून आल्यासारखे वाटतात, ते बघ. अंतर्गोल आरशात ते समोर, डावीकडे मिळतात: f उणे. बहिर्वक्र भिंगात पलीकडे, उजवीकडे मिळतात: f अधिक. बहिर्गोल आरशात आरशामागून आल्यासारखे वाटतात: f अधिक. अंतर्वक्र भिंगात डावीकडून आल्यासारखे वाटतात: f उणे. "अंतर्" असलं की उणे, "बहिर्" असलं की अधिक, असा योगायोग इथे जुळतो खरा, आणि घाईत तो वापरायला हरकत नाही; पण तो का जुळतो हे कळलेलं असू दे.

विशालनाच्या दोन सूत्रांतला फरकही इथेच उलगडतो. आरशाला `m = -v/u`, भिंगाला `m = v/u`. खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा उलटी असते, म्हणजे m उणे यायला हवा. आरशात वास्तव प्रतिमेसाठी u आणि v दोन्ही उणे, भागाकार अधिक येतो, म्हणून बाहेरून एक उणे लागतं. भिंगात u उणे, v अधिक, भागाकार मुळातच उणे. परीक्षेत कुठल्या सूत्राला उणे हे आठवेना, तर वास्तव प्रतिमेचं एक सोपं उदाहरण घे आणि m उणे कशाने येतो ते बघ.

एक इशारा. काही जुन्या नोट्समध्ये दुसराच संकेत असतो: वास्तव अंतरं अधिक, आभासी अंतरं उणे, आणि आरसा-भिंग दोघांनाही एकच सूत्र `1/v + 1/u = 1/f`. तो संकेतही आपल्या जागी बरोबर आहे. पण घरात मोठ्या भावाची किंवा ताईची जुनी वही असेल आणि तिथलं सूत्र घेऊन त्यात कार्टेशियन चिन्हं टाकलीस, तर भिंगाचं प्रत्येक गणित चुकेल. तुझं पाठ्यपुस्तक कार्टेशियन वापरतं. तोच एक धर.

चादरीवर ताळा

हे हाताने करून बघ, फार वेळ लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातलं साधं बहिर्वक्र भिंग घे. आधी त्याचं नाभीय अंतर काढ: खोलीत खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ उभा राहा, भिंग भिंतीसमोर धर आणि दूरच्या इमारतीची स्पष्ट प्रतिमा भिंतीवर पडेपर्यंत मागेपुढे कर. भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोज, तेच जवळपास f. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही. समज f 15 सेमी आलं.

आता घरातली सोलापुरी चादर टेबलावर पसर आणि भिंग नक्षीच्या वर 10 सेमीवर धर. धागे सुलटे आणि मोठे दिसतील; डोळा भिंगापासून जितका लांब, तितके ते तिपटीच्या जवळ जातील. आपल्या गणितात `m = v/u = (-30)/(-10) = +3` आलं होतं: अधिक म्हणजे सुलटं, 3 म्हणजे तिप्पट. भिंग सावकाश वर घे. 15 सेमीच्या आसपास नक्षी फुगत जाऊन फिसकटते, आणि त्याच्याही वर गेलं की डोळा भिंगापासून पुरेसा लांब ठेवल्यावर ती उलटी दिसू लागते.

पुढची पायरी गच्चीवर. चादर उन्हात तारेवर वाळत घातलेली असताना जिन्याच्या दारात सावलीत उभा राहा. भिंग चादरीपासून 45 सेमीवर, आणि भिंगामागे 22.5 सेमीवर पांढरा कागद. `1/v = 1/15 - 1/45 = 2/45`, म्हणून v = +22.5, `m = 22.5/(-45) = -0.5`. कागदावर नक्षी उलटी आणि अर्ध्या मापाची पडते. कडेला ती थोडी वाकडी आणि पुसट दिसेल, कारण आपलं सूत्र अक्षाजवळून जाणाऱ्या किरणांसाठी आणि पातळ भिंगासाठीच आहे. ती सूत्राची मर्यादा आहे, तुझ्या चिन्हांची चूक नाही. प्रतिमा कागदावर धरता आली, म्हणजे v अधिक. आधीची कागदावर कुठेच पडत नव्हती, फक्त भिंगातून बघता येत होती, म्हणजे v उणे.

"प्रतिमा तिप्पट" म्हटलं की

चिन्हाचा खरा कस लागतो तो अशा गणितात: अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर 20 सेमी. वस्तू कुठे ठेवली तर प्रतिमा तिप्पट येईल?

इथे "तिप्पट" म्हणजे नुसतं माप आहे. m +3 की −3 ते गणित सांगत नाही, म्हणून दोन्ही बघावे लागतात. शब्द नीट वाच: "पडद्यावर" असेल तर वास्तव, उलटी, m = −3. "आरशात सुलटी दिसते" असेल तर m = +3. यातलं काहीच नसेल तर उत्तरं दोन.

```
m = -v/u
m = -3 :  v = 3u
1/(3u) + 1/u = 4/(3u) = 1/(-20)
u = -80/3 = -26.7 सेमी,  v = -80 सेमी

m = +3 :  v = -3u
-1/(3u) + 1/u = 2/(3u) = 1/(-20)
u = -40/3 = -13.3 सेमी,  v = +40 सेमी
```

इथे काय केलं ते बघ. u अज्ञात होता, म्हणून त्याला चिन्ह लावलं नाही, तरी दोन्ही वेळा तो उणे आला, म्हणजे वस्तू समोर आली. `v = -3u` मध्ये दिसणारं उणे हे आपण लावलेलं चिन्ह नाही, ते सूत्रातून आलं आहे. पुष्कळ मुलं तिथे बिचकतात आणि "u तर उणे असतो" म्हणून u च्या जागी पुन्हा −u लिहितात. तो मोह टाळ. मग ताळा: 26.7 हे f आणि 2f यांच्या मध्ये आहे, तिथून वास्तव आणि मोठी प्रतिमा येते, 13.3 हे f च्या आत आहे, तिथून आभासी आणि मोठी. दोन्ही पटतं.

बहिर्गोल आरशाला हा ताळा आणखी सोपा आहे. होटगी रोडवर गाडीच्या आरशात मागचा ट्रक दिसतो, तो कधीच उलटा किंवा मोठा दिसत नाही. म्हणून खऱ्या वस्तूसाठी v नेहमी अधिक आणि f पेक्षा लहान, m अधिक आणि 1 पेक्षा लहान. आरशाचं f 1 मीटर आणि ट्रक 20 मीटर मागे धरला तर `1/v = 1 + 1/20`, v = +0.95 मीटर. यापेक्षा वेगळं काही आलं तर थेट चिन्हाची चूक शोध.

u उणे नसतो तेव्हा

अकरावी-बारावीत आणि सीईटीत एक जागा अशी येते की "u नेहमी उणे" ही दहावीपर्यंत चाललेली सवयच घात करते. दोन भिंगांचं गणित घे. पहिलं बहिर्वक्र, f = 20 सेमी, वस्तू 30 सेमीवर. त्याच्यापुढे 40 सेमीवर अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर 30 सेमी. शेवटची प्रतिमा कुठे?

पहिल्या भिंगाने `1/v = 1/20 - 1/30 = 1/60`, v = +60. पण 60 वर प्रतिमा तयार व्हायच्या आधीच, 40 वर, दुसरं भिंग वाटेत आहे. किरण एकत्र यायला निघालेले असतात आणि मध्येच दुसऱ्या भिंगावर पडतात. दुसऱ्या भिंगासाठी वस्तू म्हणजे तो न घडलेला मीलनबिंदू, आणि तो दुसऱ्या भिंगाच्या पलीकडे 60 − 40 = 20 सेमीवर आहे. प्रकाश जातो त्याच दिशेला, म्हणून u = +20. ही आभासी वस्तू.

```
1/v = 1/f + 1/u = 1/(-30) + 1/(+20) = 1/60
v = +60 सेमी
```

शेवटची प्रतिमा दुसऱ्या भिंगापलीकडे 60 सेमीवर, वास्तव. सवयीने u = −20 टाकलास तर v = −12 येतो आणि प्रतिमा आभासी निघते, म्हणजे आकडाही गेला आणि प्रकारही गेला. अशा गणितात दर भिंगाला अंतरं त्या भिंगापासून नव्याने मोज. पहिल्या भिंगाची प्रतिमा दुसऱ्या भिंगाच्या अलीकडे पडते की पलीकडे, एवढंच बघ: अलीकडे असेल तर u उणे, पलीकडे असेल तर u अधिक.

विशालन काढताना दोन्ही m चिन्हासकट गुण: पहिल्याचं `60/(-30) = -2`, दुसऱ्याचं `60/(+20) = +3`, एकूण −6. शेवटची प्रतिमा वास्तव आहे, तरी दुसऱ्या भिंगाचा m अधिक आला. "वास्तव म्हणजे उलटी" हे खऱ्या वस्तूपुरतं खरं होतं. दुसऱ्या भिंगाची वस्तूच आभासी आहे. त्याने पहिल्या भिंगाची उलटी प्रतिमा तशीच ठेवून फक्त तिप्पट केली.